दोन टक्के कशावर, किती दिवस

आमच्या बँकेच्या वैयक्तिक कर्जाच्या करारनाम्यात नववं कलम होतं व्याजाचं आणि दंडाचं. सबंध कलम म्हणजे एकच वाक्य. पहिल्या ओळीत 'कर्जदार' म्हणून ते चालायला लागायचं आणि अकराव्या ओळीत 'बंधनकारक राहील' म्हणत धापा टाकत बसायचं. 'द.सा.द.शे.', 'दंडनीय व्याज', 'थकीत रक्कम', 'एकरकमी अदा करणे', सगळं एका पिशवीत कोंबलेलं. ते कलम शेवटपर्यंत वाचलेला कर्जदार मी तुमसरच्या शाखेत एकही पाहिला नाही. सही करणारे मात्र सगळेच.

मग वरून नियम आला. यापुढे 'दंडनीय व्याज' लावायचं नाही, दंड हा दंड म्हणूनच वेगळा घ्यायचा, तो मुद्दलात मिळवायचा नाही, आणि हे सगळं कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. जुन्या कर्जदारांनाही नवीन कलम पाठवायचं. भंडाऱ्याच्या मुख्य कार्यालयातून व्यवस्थापक साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. नववं कलम तुम्हीच लिहा." मराठी दिनाला एकदा भाषण केलं होतं, त्याची ही शिक्षा.

मी कर्ज विभागात बसते. वरठीला राहते, सकाळच्या गाडीनं तुमसर रोड स्टेशनला उतरते आणि ऑटोनं शाखेत पोचते. त्या आठवड्यात ते कलम माझ्यासोबत गाडीत बसायचं, माझ्यासोबत उतरायचं. पोळी लाटताना मी 'थकीत' या शब्दाला शिव्या घालायचे. घरचे म्हणाले, एका कागदापायी एवढी चिडचिड कायले? चिडचिड नव्हती ती. दातात अडकलेल्या सुपारीच्या तुकड्यासारखं झालं होतं, जीभ पुन्हापुन्हा तिथंच जायची.

पहिला मसुदा मी दोन दिवसांत केला. मोठ्या वाक्याची चार छोटी वाक्यं केली, 'अदा करणे'च्या जागी 'भरणे' घातलं आणि स्वतःवर खूश झाले. मग काउंटरवर आलेल्या लोकांना वाचून दाखवायला सुरुवात केली. राइस मिलमधला एक हमाल, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त गुरुजी. वाचून झालं की विचारायचे, "समजलं का?"

"हव जी."

"हव."

"हव, एकदम मस्त लिहिलं."

आमच्या भागात 'हव' म्हणजे होकार असतोच असं नाही. समोरच्याचा मान राहावा, आपली गाडी चुकू नये, आणि हे प्रकरण इथंच मिटावं, एवढं सगळं त्या एका 'हव'मध्ये असतं. दहा-बारा 'हव' गोळा झाल्यावर मला शंका यायला लागली. इतकं चांगलं मी लिहूच शकत नाही.

पोळ्याला तीनचार दिवस उरले असताना ती आली. चिखल्याच्या खाणीवर कामगारांची ने-आण करणाऱ्या एका जीप ड्रायव्हरची बायको. नवऱ्याच्या नावावर आमच्याकडे दीड लाखाचं कर्ज, महिन्याचा हप्ता चार हजार चोवीस. उन्हाळ्यात ठेकेदारानं त्याचे पैसे अडकवले, त्यात गाडीचं काम निघालं, आणि जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते थकले. हे सगळं मला माहीत होतं, कारण सर्वात जुन्या हप्त्याला तीन महिने पूर्ण व्हायला आले होते. ते पूर्ण झाले की खातं बुडीत खात्यांच्या यादीत जातं आणि जामीनदाराला पत्र निघतं. पत्र तयार होतं. पोळा झाला की पोस्टात पडणार होतं.

ती खुर्चीवर बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"मॅडम, जामीनदाराले पत्र खरंच जाते का जी?"

"जाते."

"घरी जाते का कारखान्यात?"

"घरी. काहून?"

तिनं पदर तोंडाला लावला. जामीनदार तिचा थोरला भाऊ होता. वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला. आईबाप गेल्यावर त्यानंच तिचं लग्न लावलेलं. "दादाच्या दारावर बँकेचं पत्र गेलं तर मी माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ? एक दादाच तर आहे मले. यंदा राखीले बी मी नाई गेली. पैसे थकून आहेत त्याच्या नावावर, आन मी जाऊन ओवाळू? फोनवर सांगितलं, तब्येत बरी नाई म्हणून."

मला तिची कणव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. लाज वाटते म्हणून राखीला जात नाहीत, पण बँकेत यायला तीन महिने लावतात! मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग सवयीनं माझा मसुदा तिच्यापुढे सरकवला. ती सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचत राहिली.

"समजलं का?"

"हव जी."

त्या दिवशी त्या 'हव'नं माझं डोकं फिरलं. कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "बरं, मग सांगा, उद्या सकाळी उठून तुम्ही काय करणार?"

ती गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, "एकवीस हजार जमले का घेऊन येऊ. अजून आठ कमी आहेत."

"एकवीस? एकवीस हजार कुठून आणले तुम्ही?"

"हिशोब केला ना जी आमच्या यायनं." हा 'यायनं' म्हणजे नवरा. "तीन हप्ते बारा हजार. आन दंड महिन्याचा तीन हजार, तीन महिन्याचे नऊ."

नऊ हजार दंड! मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. करारावर दोन टक्के लिहिलेले. दोन टक्के म्हणजे महिन्याचे. खाणीच्या वस्तीत, बाजारात, नातेवाइकांत, उसने पैसे देणारा कोणीही टक्के म्हणाला की ते महिन्याचेच असतात. "सालाचं कोण बोलते जी?" आणि दोन टक्के कशावर? घेतलेल्या कर्जावर, दुसरं कशावर? दीड लाखाचे दोन टक्के तीन हजार. हिशेब चोख होता, नवऱ्यानं फोनवर आकडेमोड करून तपासलेला. फक्त त्यातला एकही धागा आमच्या बँकेचा नव्हता.

"म्हणजे तेरा हजार आहेत तुमच्याजवळ?"

"हव. तांदळाच्या डब्यात आहेत. मी धानाच्या रोवण्याले गेली ना, त्याचे आन यायचे मिळून."

"मग ते काहून नाही भरले?"

"अर्धेमुर्धे पैसे घेऊन कोणी जाते का जी बँकेत? भिकाऱ्यावानी. आन कागदावर लिहून आहे ना, एकरकमी म्हणून."

होतं लिहून, जुन्या करारात. 'संपूर्ण थकीत रक्कम एकरकमी अदा करणे कर्जदारावर बंधनकारक राहील.' ज्यानं कोणी हे लिहिलं त्याच्या मनात वसुली असेल. वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ असा घेतला, की सगळे जमेपर्यंत बँकेकडे फिरकू नका. पैसे घरात, भीती घरात, आणि खात्यावर मात्र दिवस चढत चाललेले.

मी उठून तशीच रोखपालाकडे गेले. विचारलं, "भाऊ, कोणी हप्त्यापेक्षा कमी पैसे आणले तर तुम्ही घेता का?"

"नाई. पुरे घेऊन या म्हणतो."

"कोणी सांगितलं असं?"

"सांगाले कायले पाहिजे? आधीपासून असंच आहे. थोडे थोडे घेतले का संध्याकाळी मेळ जुळवता जुळवता जीव जाते."

आमची थोडी वाजली. थोडी म्हणजे पासबुक छापणारी मुलगी थांबून बघायला लागली एवढी. मी तिथूनच व्यवस्थापक साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, संगणक एक रुपयाही जमा करून घेतो, सर्वात जुन्या हप्त्यात टाकतो, असा नियम पहिल्यापासून आहे. रोखपाल म्हणाला, मले कोणी सांगितलं नाई. तेही खरंच होतं. नियम संगणकाला माहीत होता, माणसाला नव्हता.

परत येऊन मी त्या बाईला समजावलं, की दंड पूर्ण कर्जावर नाही, फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो. दोन टक्के वर्षाचे. तिनं मान हलवली, पण डोळ्यांत विश्वास दिसला नाही. नऊ हजारांची सवय झालेल्या माणसाला असं एकदम सांगून पटत नाही. "तुम्हीच सांगा यायले," म्हणाली आणि फोन लावून दिला.

पलीकडे गाडीच्या इंजिनाचा आवाज. पाळी सुटायची वेळ होती, तो खाणीच्या फाटकाबाहेर उभा होता.

"मॅडम, पोळ्याच्या आधी नाई होत. पुरे जमले का मी सोता येतो. तुटक तुटक देणं आपल्याले जमत नाई."

मी मसुद्यातलं वाक्य वाचून दाखवलं. 'थकलेल्या हप्त्यावर वार्षिक दोन टक्के दराने दंड आकारला जाईल.'

"हव. म्हणजे महिन्याचे दोन टक्के ना?"

"वार्षिक म्हटलं ना मी!"

"हव हव, वार्षिक. मंग महिन्याचे किती?"

मला कागद फाडून टाकावासा वाटला. तेवढ्यात लक्षात आलं, की हा माणूस बरोबर तेच विचारतोय जे मी लिहिलं नाही. त्याला टक्के नको होते, रुपये हवे होते. मी कॅल्क्युलेटर ओढला. "ऐका. एक हजार रुपये पूर्ण एक महिना थकले, तर दंड किती? एक रुपया चौसष्ट पैसे."

इंजिन बंद झालं.

"आन आमचे किती?"

"तिन्ही हप्त्यांचा मिळून दंड चाळीस रुपयांच्या आत. पैसे थांबले म्हणून नेहमीचं व्याज चालू राहिलं, ते वेगळं. ते अडीचशेच्या आसपास."

"मस्करी करून राहिले का मॅडम?"

"मी काय मस्करी करायला बसले आहे इथं? उद्या या. डबा घेऊन या."

ती गेली तरी मला बसवेना. वकील साहेबांना फोन लावला. बँकेच्या कागदांवर त्यांची नजर गेल्याशिवाय काही छापलं जात नाही. त्यांना मी रुपयांचं उदाहरण वाचून दाखवलं. ते म्हणाले, उदाहरणं करारात बसत नाहीत. आणि एवढा लहान आकडा दिसला तर कर्जदार निर्धास्त होतील.

"होऊ द्या ना," मी म्हटलं. "घाबरलेल्या माणसानं तेरा हजार तांदळात ठेवले, साहेब. निर्धास्त असता तर जूनमध्येच घेऊन आला असता."

ते हसले. माझा आवाज चढलेला त्यांना ऐकू गेला असणार. बराच वेळ घासाघीस झाली. त्यांचं 'एकरकमी' गेलं, माझी दोन वाक्यं गेली, उदाहरण मात्र राहिलं. 'सुमारे' हा शब्द त्यांनी त्यात घालायला लावला. एवढं चालतं. गाडीत बसून गुडघ्यावर पॅड ठेवून मी शेवटचा मसुदा केला. डबा हलत होता, अक्षर खाजकुयरी लागल्यासारखं आलं.

तो असा होता:

'हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरा. व्याज वर्षाला १३ टक्के आहे आणि ते बाकी राहिलेल्या मुद्दलावरच लागते. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. दंड वर्षाला २ टक्के आहे आणि जेवढे दिवस उशीर तेवढ्याच दिवसांचा घेतला जातो. एक हजार रुपये तीस दिवस थकले तर दंड सुमारे १ रुपया ६४ पैसे होतो. दंड मुद्दलात मिळवला जात नाही आणि दंडावर व्याज लागत नाही. थकलेल्या रकमेवर नेहमीचे व्याज मात्र चालू राहते. पूर्ण हप्ता जमला नसेल तर जेवढे असतील तेवढे आजच भरा. शाखा ते घेईल, पावती देईल आणि सर्वात जुन्या हप्त्यात जमा करेल. हप्त्याची तारीख जमत नसेल तर ती बदलण्यासाठी शाखेत अर्ज करा. सर्वात जुना हप्ता तीन महिने थकला तर जामीनदाराला पत्र जाते. त्याआधी या.'

शेवटचं 'त्याआधी या' वकील साहेबांच्या नजरेतून सुटलं. मी ते तसंच छापायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे बघत होते. अकरा वाजले, बारा वाजले. जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. नवऱ्यानं पुन्हा विचार बदलला असेल तर? त्या पत्रावर माझीच सही होती. दुपारी जीप बाहेर येऊन थांबली तेव्हा मी मोठ्यानं "आले!" म्हणाले आणि रोखपालानं चमकून वर बघितलं.

नवरा काउंटरशी उभा राहिला. नोटांना तांदळाचा कोंडा लागलेला. रोखपालानं त्या माझ्याकडे न बघता मोजल्या, आदल्या दिवशीचं भांडण ताजं होतं. तिन्ही हप्ते, वरचं व्याज आणि दंड वळते झाले, वर काही शे रुपये परत आले. पाचेक मिनिटांचं काम. मी आतून ते पत्र आणलं आणि दोघांच्या समोर फाडलं. तसं करायचं काही कारण नव्हतं, रद्द केलं असं सांगूनही चाललं असतं.

नवऱ्यानं पावती नीट घडी करून खिशात घालायला घेतली. तिनं ती त्याच्या हातातून घेतली. बोट ठेवून वाचत खाली आली आणि एका ओळीवर थांबली. दंडाची ओळ.

"सदतीस रुपये?"

"हव," मी म्हटलं.

"सदतीस रुपयांसाठी मी राखीले नाई गेली."

तिथं रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडली. बाप्पा, काय चिडली! आधी नवऱ्यावर, तुमचा तो हिशोब घाला चुलीत म्हणून. मग माझ्याकडे वळून, "तुमीनं आधीच असं काहून नाई लिहिलं जी?" मीही त्या अकरा ओळींवर तितकीच चिडले होते, पण माझी राखी चुकली नव्हती. नवरा बिचारा गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा. शेवटी तोच म्हणाला, "पोळ्यापर्यंत राखी चालते. आजच जा."

संध्याकाळच्या गाडीत ती माझ्यासमोर बसली होती. चौकातल्या दुकानातून राखी घेतलेली, हंगाम सरल्यामुळे स्वस्तात मिळालेली. सगळा वेळ ती पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर करत होती. मध्येच विचारलं, "दादाले सांगू का जी सगळं?" मी म्हटलं, तुम्हाला वाटेल तसं करा. पत्र तर गेलंच नाही, त्यांना काही माहीत नाही. त्यावर ती आणखीच बेचैन झाली.

वरठीला भाऊ फलाटावर उभा होता. कारखान्यातून थेट आलेला, सायकल बाहेर लावून, हातावर काळं ग्रीस तसंच. बहिणीनं फोन केला होता, कशासाठी येते ते सांगितलं नव्हतं. ती उतरली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी पुढे निघून जायला हवं होतं. पाय निघत नव्हता.

"दादा, राखीले नाई आली मी..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "हप्ते थकल्याचं खाणीवरच्या लोकांकडून समजलं मले. वाटलं, पैसे मलेच मागावे लागतीन म्हणून तू टाळून राहिली. बारा हजार काढून ठेवले होते मी. कोणी मागितलेच नाई."

त्यानं ग्रीसचा हात पँटला पुसला आणि पुढे केला. मनगट उघडंच होतं.